टॅपेटची फट आणि फिलर गेजचे पाते

पुशरॉडच्या फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह उघडण्याचे काम रॉकर करतो. कॅमने ढकललेला पुशरॉड रॉकरचे एक टोक वर उचलतो, दुसरे टोक खाली येऊन व्हॉल्व्हच्या दांडीवर दाब देते आणि व्हॉल्व्ह उघडतो. कॅम पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला पुन्हा सीटवर ओढून बसवते. व्हॉल्व्ह असा पूर्ण बंद असताना रॉकरचे टोक आणि व्हॉल्व्हच्या दांडीचा शेंडा यांच्यात दोन-तीन केसांच्या जाडीएवढी मोकळी जागा राहिली पाहिजे. पुस्तकात तिला व्हॉल्व्ह क्लिअरन्स म्हणतात. बारामती-इंदापूरच्या कोणत्याही गॅरेजमध्ये तिचे नाव ‘टॅपेटची फट’ असते आणि ती जुळवण्याला ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतात. खरे तर टॅपेट म्हणजे कॅमवर बसणारा खालचा गुटका, पण बोलीतले नाव आता पक्के झाले आहे आणि त्याने कामात काही अडत नाही.

ही फट कशासाठी ठेवतात, याचे उत्तर उष्णतेत आहे. १०० मिलिमीटर लांबीची पोलादी दांडी १०० अंशांनी तापली की सुमारे ०.१२ मिलिमीटरने लांब होते. चालू इंजिनात व्हॉल्व्ह याहून कितीतरी जास्त तापतो. त्याच्याभोवतीचे हेडही तापून फुगते, पण हेडला पाण्याचा किंवा वाऱ्याचा गारवा मिळतो. व्हॉल्व्हला तसा गारवा नाही. म्हणून व्हॉल्व्हची वाढ हेडपेक्षा जास्त होते आणि त्या फरकापुरती जागा थंड इंजिनात आधीच मोकळी ठेवावी लागते. ती ठेवली नाही, तर इंजिन तापल्यावर लांबलेला व्हॉल्व्ह रॉकरला टेकतो. रॉकर मागे हटू शकत नाही. मग व्हॉल्व्हलाच सीटवरून किंचित उचललेले राहावे लागते.

इनलेट व्हॉल्व्हवरून प्रत्येक चक्रात बाहेरची थंड हवा जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून जळलेला वायू बाहेर पडतो, त्यामुळे त्याचे तोंड लालबुंद होण्याइतके तापते. बहुतेक इंजिनांत एक्झॉस्टची फट इनलेटपेक्षा थोडी जास्त दिलेली असते, त्याचे कारण हेच. उदाहरणादाखल पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे टीव्ही-१ हे एक सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन घेता येईल. मिनिटाला १५०० फेऱ्या आणि सुमारे ७ अश्वशक्ती असे त्याचे मान आहे. त्यात थंड स्थितीत इनलेटची फट ०.१८ आणि एक्झॉस्टची ०.२० मिलिमीटर ठेवायची असते. पुढचे सगळे विवेचन या दोन आकड्यांवर बेतलेले आहे. मात्र ते दुसऱ्या इंजिनाला लावू नयेत. प्रत्येक इंजिनाचे माप त्याच्या माहितीपुस्तकात असते, काही इंजिनांत ते रॉकरच्या झाकणावरही असते, आणि ते थंड इंजिनासाठी आहे की गरम, हेही तिथेच लिहिलेले असते.

फट एकदा नीट लावली म्हणून कायम राहत नाही. १५०० फेऱ्यांना चालणाऱ्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो, म्हणजे तासाला ४५ हजार वेळा. उन्हाळ्यात उजनीच्या पाणफुगवट्याच्या काठी, वीजजोड न पोचलेल्या जागी एखादा पंप दिवसाला आठ तास चालला, तर एका दिवसात साडेतीन लाखांहून अधिक आपट्या प्रत्येक सीटवर बसतात. एवढ्या आपट्यांनी धातू झिजतो. प्रश्न असतो तो कुठला धातू झिजतो हा, कारण त्यावरच फट वाढणार की कमी होणार हे ठरते.

रॉकरचे टोक, पुशरॉडची टोके, टॅपेट किंवा कॅम झिजला तर या भागांमधली मोकळी जागा वाढते. फट मोठी होते, रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो आणि ‘टिक्-टिक्’ असा ठराविक तालाचा आवाज येतो. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर बंद होतो आणि पूर्ण उंचीपर्यंत उचलला जात नाही, त्यामुळे इंजिनात हवा कमी जाते. हे वाईटच, पण त्याची चाहूल कानाला लागते आणि मालक इंजिन मिस्त्रीकडे नेतो.

दुसरी झीज सीटची. व्हॉल्व्हचे तोंड आणि सीट एकमेकांवर आपटून झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा आत जाऊन बसतो. तो जितका आत जातो तितकाच त्याच्या दांडीचा शेंडा रॉकरकडे वर सरकतो. सीट ०.१० मिलिमीटर खोल गेली की फट तेवढ्याच ०.१० मिलिमीटरने कमी होते. या बदलाचा आवाज होत नाही. उलट आधी हलकेच वाजणारे इंजिन शांत वाटू लागते आणि मालकाला ते सुधारल्यासारखे भासते. टॅपेटच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान याच गैरसमजातून होते. वाजणारा टॅपेट दुरुस्तीची वाट पाहू शकतो; घट्ट झालेल्या टॅपेटला तेवढी सवड नसते.

सवड नसण्याचे कारण असे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हने शोषलेली बहुतेक उष्णता सीटच्या वाटेने हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. व्हॉल्व्ह सीटवर टेकलेला असतो तेवढ्याच वेळात ती जाऊ शकते. फट संपली की टेकण्याची वेळ कमी होते, पुढे टेकणेच बंद होते आणि व्हॉल्व्ह आणखी तापतो. तापला की आणखी लांबतो, लांबला की आणखी उघडा राहतो. त्या बारीक फटीतून स्फोटाच्या वेळचा वायू ज्योतीसारखा सुटतो आणि व्हॉल्व्हच्या कडेचा एक तुकडा जळून जातो. बाहेर काढलेल्या अशा व्हॉल्व्हच्या कडेला खाच दिसते. तिथून पुढे टॅपेट सेटिंगचा उपयोग नाही. हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलावा लागतो आणि सीट कापून घ्यावी लागते.

फट घट्ट झाल्याच्या काही खुणा मोजण्याआधीही कळतात. सकाळी इंजिन हँडलने फिरवताना नेहमीचा दम लागत नाही, हात सहज फिरतो. इंजिन सुरू व्हायला वेळ घेते, पण तापल्यावरच जास्त अशक्त होते. डिझेल बंद ठेवून हळूहळू फिरवले तर कॉम्प्रेशनच्या वेळी सायलेन्सरमधून किंवा एअर क्लिनरमधून बारीक ‘सूऽऽ’ ऐकू येतो. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो आहे, हवेच्या वाटेने आला तर इनलेट. या खुणा उशिराच्या असल्या तरी फट मोजण्याआधी त्या पाहून ठेवणे फायद्याचे ठरते, कारण सेटिंगनंतर त्यातल्या कोणत्या गेल्या आणि कोणत्या राहिल्या यावरून पुढचा निर्णय होतो.

मोजणीसाठी इंजिन थंड हवे. थंड म्हणजे हात लावल्यावर कोमट न लागणारे. रात्रभर बंद राहिलेले इंजिन सकाळी काम सुरू होण्याआधी मोजणे सगळ्यात चांगले. दुपारी पाणी देऊन झाल्यावर तासाभरात झाकण उघडले तर वरून गार वाटणाऱ्या हेडच्या आत व्हॉल्व्ह अजून गरम असतो आणि माप फसवे येते. स्टॉप लिव्हर ओढून डिझेल बंद करावे. ट्रॅक्टर असेल तर गिअर न्यूट्रलला ठेवून बॅटरीची वायर काढावी, म्हणजे बोटे आत असताना इंजिन चुकून फिरणार नाही. झाकणाभोवतीची धूळ आणि चिकट तेल आधी पुसून घ्यावे, नाहीतर झाकण उघडताच ती घाण रॉकरवर पडते.

टॅपेटला हात लावण्याआधी हेडचे नट ठरलेल्या ताकदीने आवळलेले आहेत की नाही हे पाहावे, विशेषतः नुकतेच गॅस्केट बदलले असेल तर. गॅस्केट दबून हेड खाली बसते, पण पुशरॉड खालच्या ब्लॉकवरच्या टॅपेटवर उभा असतो. त्यामुळे हेड खाली आले की पुशरॉड रॉकरला वर ढकलतो आणि फट कमी होते. आधी टॅपेट लावून नंतर हेड आवळले, तर केलेले सेटिंग तिथेच बिघडते. म्हणून क्रम नेहमी हेड आधी, टॅपेट नंतर असाच राहतो. नवे गॅस्केट घातल्यावर काही दिवस इंजिन चालवून माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे हे दोन्ही पुन्हा तपासावे लागते.

पुढची पायरी पिस्टन योग्य जागी आणण्याची. नवख्या हाताची सर्वांत जास्त चूक इथे होते. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन एका कामाच्या चक्रात दोनदा वरच्या टोकाला येतो. एकदा तो हवा दाबून वर येतो, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद असतात. दुसऱ्यांदा तो जळलेला वायू बाहेर ढकलून वर येतो, तेव्हा एक्झॉस्ट बंद होत असतो आणि इनलेट उघडू लागलेला असतो, म्हणजे दोन्ही किंचित उघडे असतात. टीव्ही-१ मध्ये इनलेट वरच्या टोकाच्या ४.५ अंश आधी उघडतो आणि एक्झॉस्ट ४.५ अंश नंतर बंद होतो. फ्लायव्हीलवरची टीडीसीची खूण मात्र दोन्ही वेळा समोर येते. फक्त खूण पाहून मोजायला बसणाऱ्याला दुसऱ्या वेळी फट जवळजवळ सापडतच नाही. टॅपेट घट्ट आहेत असे समजून तो पेच सैल करतो आणि इंजिन सुरू झाल्यावर घणाघणा वाजू लागते.

ही चूक टाळण्यासाठी डोळा खुणेवर ठेवण्याआधी व्हॉल्व्हवर ठेवावा. इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेनेच हाताने फिरवत इनलेटचा रॉकर खाली जाऊन परत वर आलेला पाहावा. इनलेट बंद झाल्यानंतरची जी पहिली टीडीसीची खूण समोर येते, तीच कॉम्प्रेशनची. तिथे थांबून दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहावेत. दोन्ही किंचित हलले पाहिजेत. फिरवताना दम लागू नये म्हणून डीकॉम्प्रेशन लिव्हर टाकलेला असेल, तर मोजण्याआधी तो आठवणीने मोकळा करावा. हा लिव्हर व्हॉल्व्हला थोडा उघडा धरून ठेवतो आणि तो तसाच राहिला तर त्या व्हॉल्व्हचे माप पूर्ण खोटे येते.

आता फिलर गेज. हा पोलादी पात्यांचा पंखा असतो आणि प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली असते. बाजारात मिळणाऱ्या साध्या संचात पाती ०.०५ च्या टप्प्याने असतात: ०.१०, ०.१५, ०.२०, ०.२५ अशी. त्यात ०.१८ चे पाते नसते. ०.१५ आणि ०.२० च्या मधे कुठेतरी अंदाजाने पेच लावणे हा मार्ग नव्हे. ज्या संचात ०.०८ चे पाते असते, त्यात ते ०.१० च्या पात्यावर ठेवून ०.१८ मिळवता येते. दोन्ही पाती पुसून कोरडी केलेली असावीत, कारण मधला तेलाचा थरही मापात भर घालतो. दोनपेक्षा जास्त पाती एकत्र वापरू नयेत.

याहून सोपा मार्ग जुन्या मिस्त्र्यांच्या बोलण्यातच आहे. ते फट मिलिमीटरमध्ये सांगत नाहीत, ‘थाऊ’मध्ये सांगतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. ‘इनलेट सात थाऊ, एक्झॉस्ट आठ थाऊ’ हे वाक्य मिलिमीटरमध्ये मांडले तर ०.१७८ आणि ०.२०३ होते. म्हणजे इंचाची पाती असलेल्या संचात या इंजिनाचे माप नेमके सापडते आणि पाती जोडावी लागत नाहीत. दोन्ही एकके कोरलेला संच घेतला तर हा गोंधळ उरत नाही. विकत घेताना पाती सरळ आहेत, कडेला गंज नाही आणि आकडे वाचता येतात एवढे पाहावे. ज्या पात्याला एकदा घडी पडली, ते संचातून काढून टाकावे.

पाते रॉकरचे टोक आणि व्हॉल्व्हचा शेंडा यांच्यामध्ये सपाट सरकवावे. वाकडे धरले तर ते कडेवर अडते आणि फट असूनही नाही असे वाटते. पातळ पाते आत ढकलताना वाकते, म्हणून एकदा आत गेल्यावर ओढत्या हालचालीवर भर द्यावा. बरोबर फटीची ओढ कशी लागते, हे शब्दांत सांगणे अवघड आहे. बंद वहीच्या पानांमधला कागद ओढताना लागते तशी ती हलकी, सलग आणि कुठेही न अडणारी असते. पण फक्त बोटांच्या अंदाजावर विसंबू नये. शेजारच्या पात्यांची साक्ष घ्यावी: ०.२० ची फट बरोबर असेल तर ०.२० चे पाते हलक्या ओढीने जाते, ०.१५ चे मोकळेपणाने फिरते आणि ०.२५ चे जातच नाही. तीन पात्यांची ही साक्ष जुळली तर माप पक्के मानावे. नवख्या माणसाची बोटे ओढ जास्त असली तरी ‘ठीक’ म्हणतात आणि त्यातून टॅपेट घट्ट राहतात, म्हणून हा सराव महत्त्वाचा.

एका ठिकाणी फिलर गेज स्वतःच फसते. बराच काळ चाललेल्या रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांडीएवढा खड्डा पडतो. सपाट पाते त्या खड्ड्यात शिरत नाही, त्याच्या दोन्ही काठांवर टेकून पुलासारखे राहते. गेजने फट ०.२० दाखवली तरी खड्ड्याच्या तळाशी ती खऱ्या अर्थाने ०.३० किंवा जास्त असू शकते. टॅपेट पुन्हापुन्हा नीट लावूनही आवाज जात नसेल, तर रॉकर उजेडात धरून त्याचे टोक पाहावे. खड्डा दिसला तर रॉकर घासून घ्यावा किंवा बदलावा. आवाज बंद करण्यासाठी पेच आणखी आवळणे हा घातक उपाय आहे, कारण त्याने खऱ्या गरजेपेक्षा फट कमी होते आणि वर वर्णन केलेली जळण्याची साखळी सुरू होते.

आता एक नमुना मोजणी पूर्ण करून पाहू. समजा वरच्या पद्धतीने थंड इंजिन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणले आणि इनलेटला ०.२५ चे पाते हलक्या ओढीने गेले, ०.३० चे गेले नाही. एक्झॉस्टला ०.१० चे पाते ओढीने गेले, ०.१५ चे गेले नाही. म्हणजे इनलेट ०.०७ ने सैल, एक्झॉस्ट ०.१० ने घट्ट. कोणताही पेच फिरवण्याआधी हे दोन्ही आकडे लिहून ठेवावेत, कारण जुळवणी झाल्यावर ते परत मिळत नाहीत आणि झिजेची दिशा त्यांच्यातच दिसते.

एक्झॉस्टपासून सुरुवात करू. रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकाला ॲडजस्टिंग स्क्रू आणि त्यावर लॉकनट असते. पान्याने लॉकनट सैल करावे आणि स्क्रू-ड्रायव्हरने स्क्रू उलटा फिरवावा. स्क्रूच्या आट्यांचे अंतर १ मिलिमीटर असेल आणि रॉकरचे दोन्ही हात जवळपास सारखे असतील, तर एका पूर्ण फेऱ्यात फट सुमारे १ मिलिमीटर बदलते. ०.१० मिलिमीटरसाठी फेऱ्याचा दहावा भाग पुरतो, म्हणजे घड्याळाच्या तबकडीवरचे एक तास आणि थोडे. इतक्या बारीक फिरवण्याची हाताला सवय नसते, म्हणून ०.२० चे पाते आत ठेवूनच स्क्रू हळूहळू फिरवावा आणि ओढ बरोबर लागली की थांबावे.

मग लॉकनट आवळायचे. नट आवळताना ते स्क्रूला थोडे सोबत फिरवते आणि फट बदलते. म्हणून एका हाताने स्क्रू-ड्रायव्हर घट्ट धरून दुसऱ्या हाताने नट आवळावे आणि आवळल्यानंतर पाते पुन्हा फिरवून पाहावे. बहुधा पहिल्या वेळी फट थोडी चुकते. मग नट सैल करून स्क्रू त्या चुकीच्या उलट बाजूला किंचित जास्त ठेवावा. दोन-तीन प्रयत्न लागतात आणि ते लागणे स्वाभाविक आहे. तसेच इनलेट ०.१८ वर आणावे. त्यानंतर इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून पुन्हा कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणावे आणि दोन्ही मापे पुन्हा घ्यावीत. फिरवल्यावर पुशरॉड आणि टॅपेट आपापल्या जागी बसतात, त्यामुळे खरे माप हे दुसरे असते. रॉकरवर स्वच्छ तेल घालून झाकण बसवावे. गॅस्केट चिरलेले असेल तर नवे घालावे, नाहीतर झाकणाखालून तेल पाझरेल आणि त्यावर धूळ साचेल.

या नमुन्यातले इनलेटचे ०.२५ फारसे चिंतेचे नाही. ती रॉकर-पुशरॉडची साधी झीज असू शकते. एक्झॉस्टचे ०.१० मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. सीट खोल जात असल्याची ती खूण आहे. आता ०.२० लावल्यावर इंजिन काही काळ नीट चालेल, पण सीट झिजण्याचे कारण गेलेले नाही. पुढच्या तपासणीत फट पुन्हा ०.१० च्या आसपास आली, तर ती वाढवत राहणे पुरेसे ठरत नाही.

ट्रॅक्टरवर हेच तत्त्व लागू होते, फक्त सिलिंडर तीन किंवा चार असतात. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरना माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर किंवा बिजवडीच्या कारखान्यांकडे जाताना दोन-दोन ट्रॉल्या ओढाव्या लागतात आणि वजनकाट्याच्या रांगेत तासन्‌तास थांबावे लागते. भाराखाली एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त तापतो, म्हणून गळीत हंगाम सुरू होण्याआधी टॅपेट तपासणे अधिक शहाणपणाचे असते. हंगामात ट्रॅक्टर पूर्ण थंड होऊ द्यायला कोणाकडेच सवड नसते. एकापेक्षा जास्त सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरची टीडीसी शोधत बसण्याची गरज नाही. प्रत्येक सिलिंडरचे दोन व्हॉल्व्ह एकमेकांचे साक्षीदार असतात. एक्झॉस्ट नुकताच उघडू लागला की त्याच सिलिंडरचा इनलेट पूर्ण बंद असतो, तेव्हा इनलेट मोजावा. इनलेट जवळजवळ बंद होत आला की एक्झॉस्ट पूर्ण मोकळा असतो, तेव्हा एक्झॉस्ट मोजावा. ही पद्धत कोणत्याही फायरिंग ऑर्डरला चालते, ऑर्डर पाठ नसली तरी चालते आणि चुकीच्या टीडीसीची भीती राहत नाही. मोजून झालेल्या प्रत्येक रॉकरवर खडूने खूण करावी, म्हणजे एखादा राहून जात नाही.

बारामतीच्या एमआयडीसीत बनणाऱ्या स्कूटरपासून गावोगावच्या मोटारसायकलींपर्यंत दुचाकींनाही हीच फट लागते, पण तिथे ती फार बारीक असते आणि काही इंजिनांत स्क्रूऐवजी शिम नावाच्या चकत्या बदलून ती जुळवावी लागते. शिम असलेल्या इंजिनात फट मोजणे घरी जमते. जुळवण्याचे काम मात्र योग्य चकत्या आणि साधने असलेल्या वर्कशॉपवर सोपवावे.

फिलर गेजचा अधिकार जिथे संपतो, ती जागाही ओळखता आली पाहिजे. गेज फक्त फट मोजते. व्हॉल्व्ह सीटवर घट्ट बसतो की गळतो, हे ते सांगू शकत नाही. फट बरोबर लावूनही हँडलला दम लागत नसेल, सायलेन्सरमधला ‘सूऽऽ’ गेला नसेल किंवा इंजिन तापल्यावरच ढेपाळत असेल, तर बिघाड व्हॉल्व्हच्या तोंडाशी किंवा पिस्टन रिंगमध्ये आहे. अशा वेळी पुन्हापुन्हा टॅपेट फिरवण्यात वेळ आणि डिझेल दोन्ही वाया जाते.

माहितीपुस्तकातील तासांनुसार टॅपेट तपासावेत. प्रत्येक तपासणीत तारीख, इंजिनाचे तास, इनलेटचे आलेले माप आणि एक्झॉस्टचे आलेले माप एवढी एक ओळ वहीत लिहावी. सलग दोन वेळा एक्झॉस्टची फट ठरलेल्या मापाच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलेली दिसली, तर तिसऱ्या वेळेची वाट न पाहता हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीट तपासून घ्यावी.